सांचीचा स्तूप: आत शिरण्यासाठी नव्हे, भोवती फिरण्यासाठी

सांचीचा मोठा स्तूप पाहायला आलेले बरेच जण आधी दरवाजा शोधतात. चारही दिशांना भव्य तोरणे आहेत, मग आत काहीतरी दालन असणारच, असे वाटते. पण स्तूपाला आतला भाग नसतो. तो भरीव असतो. अशोकाच्या काळातला विटांचा लहान स्तूप पोटात घेऊन शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढले आणि आजचा सुमारे ३६ मीटर व्यासाचा घुमट तयार झाला. या घुमटाला ‘अंड’ म्हणतात. बुद्धाच्या अस्थी जपण्याची प्रथा हे स्तूपाचे मूळ, त्यामुळे समोरचा घुमट म्हणजे साक्षात बुद्ध, असा भाविकाचा भाव असे. त्याला उजव्या हाताला ठेवून चालायचे, हीच इथली पूजा.

बाकीची सारी रचना या चालण्यासाठी आहे. भोवतीचा दगडी कठडा, म्हणजे वेदिका, माणसाहून उंच आहे. तिच्या आडव्या पट्ट्या खांबांच्या खोबणीत बसवल्या आहेत, अगदी सुताराने लाकूड जोडावे तशा. शिवाय तोरणातून सरळ आत जाताच येत नाही. प्रवेशाशी वेदिका काटकोनात वळते, म्हणून पाऊलही वळते आणि मग प्रदक्षिणेची वाट सापडते. वरून पाहिले तर या चार वळणांमुळे स्वस्तिकाचा आकार दिसतो. दक्षिणेकडच्या जिन्याने चढल्यावर मेधीवर, म्हणजे घुमटाच्या पायथ्याच्या चौथऱ्यावर, दुसरी वाट लागते.

वेदिका जवळजवळ कोरी आहे, तोरणे मात्र कथांनी गच्च भरलेली. ती सातवाहनकाळातली. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे, तर तिथलेच कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचेही लिहिले आहे. इतकी बारीक नक्षी दगडात कशी उतरली, याचे उत्तर त्यात मिळते.

पूर्व तोरणाची मधली आडवी तुळई मला सर्वांत प्रिय. सिद्धार्थ राजवाडा सोडून निघाला आहे. डावीकडे कपिलवस्तू, तिथून एकच घोडा ओळीने चार वेळा कोरलेला, म्हणजे तो पुढे पुढे चालला आहे. टापांचा आवाज होऊ नये म्हणून देवांनी खूर हातांवर झेलले आहेत. पाठीवर स्वार नाही, वर छत्र मात्र धरलेले. शेवटी छंदक दोन पावलांपुढे वाकतो आणि खालच्या बाजूने घोडा परततो, तेव्हा छत्र नसते. बुद्धाची मूर्ती न कोरता तो असल्याचे आणि नसल्याचे एका छत्राने सांगितले आहे.

तेच मानचिन्ह स्तूपाच्या माथ्यावरही आहे. चौकोनी हर्मिकेतून दंड वर येतो आणि त्यावर एकावर एक तीन छत्रे. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावरचे लाकडी छत्र आजही टिकून आहे. तिथे प्रदक्षिणेची वाट खांबांच्या रांगेमागून जाते.