ताप उतरल्यावरचे चोवीस तास

ऐन पावसाळ्यात पाचवी ‘ब’च्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढायला लागतात. आधी दोन मुलं, मग पाच, मग एका बाकावरची तिन्ही. दोघांच्या घरून ‘डॉक्टर फ्लू म्हणतायत’ असा निरोप येतो आणि शाळा परिपत्रक काढते : ‘वर्गात तापाची साथ आहे. पालकांनी योग्य ती काळजी घ्यावी.’ पालक ते वाचतात, धास्तावतात, पण नेमकं काय करायचं ते त्यांना कळत नाही. खरं तर अशा एका पानावर साथीचा जोर बराच कमी करता येतो. मात्र त्यासाठी फ्लू वर्गात कसा फिरतो हे ते लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

समजा, एका मुलाला मंगळवारी रात्री ताप चढला. मंगळवारी दिवसभर तो वर्गात होता, खेळला, डबाही सगळ्यांबरोबर खाल्ला. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरू लागतो, त्यामुळे शेजारच्या मुलाला लागण तेव्हाच होऊन गेलेली असते. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दोन दिवसांत, आजार दिसतो. म्हणजे शेजारी गुरुवारी आजारी पडणार आणि बुधवारी धडधाकट दिसत असतानाच तो तिसऱ्याला लागण देणार. हजेरीपटावर गळती दिसते तोवर साथीची दुसरी फेरी सुरू झालेली असते. म्हणून परिपत्रक आजारी मुलांच्या घरी जाऊन भागत नाही. ते वर्गातल्या प्रत्येक घरी, त्याच दिवशी पोचावं लागतं. त्यात पहिला रुग्ण कोणत्या तारखेला आढळला हे असावं, मुलाचं नाव मात्र कधीच नसावं.

आता मुख्य मुद्दा. मुलाला शाळेत परत कधी पाठवायचं? ‘बरं वाटल्यावर’ हे उत्तर पुरेसं नाही. तापाचं औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच पाठवायचं. यातले ‘औषध न देता’ हे शब्द ठळक छापायला हवेत, कारण साथ लांबते ती इथेच. सकाळी पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो, मूल हसत शाळेत जातं. औषधाचा असर चार ते सहा तासांचा. मधल्या सुट्टीच्या सुमाराला अंग पुन्हा तापतं, पण तोवर ते मूल चाळीस-पन्नास जणांत बसून खोकलेलं असतं. यात पालकांचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. दोघंही नोकरीला जात असतील, तर घरी कोण थांबणार हा खराच पेच असतो. म्हणूनच शाळेने बुडालेला अभ्यास आणि चुकलेली चाचणी यांची सोय त्याच पत्रात लिहून दिली, तर मुलाला घरी ठेवणं सोपं जातं.

औषधांबद्दल शाळेने सल्ला देऊ नये; एक इशारा मात्र जरूर द्यावा. फ्लूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून ‘रे सिंड्रोम’ हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा आजार होऊ शकतो. तो दुर्मीळ असला तरी जिवावर बेतू शकतो.

घाबरून सगळे एकदम धावले तर काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला, तो पुण्यातल्या १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगांत साधी सर्दी झालेले आणि खरे रुग्ण शेजारी-शेजारी उभे होते. त्या साथीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे गट ठरवून दिले. सौम्य ताप-खोकल्याला चाचणीची गरज नाही, घरीच विश्रांती घ्यायची. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळसर पडणं यांपैकी काही दिसलं, तर थेट रुग्णालय. लहान मूल खाणंपिणं सोडून देत असेल, सतत गुंगीत असेल, तर तेही तितकंच गंभीर. ताप उतरून मूल सावरलं आणि दोन दिवसांनी ताप-खोकला जास्त जोराने परतला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, कारण ऑसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडतं.

बाकीच्या सूचना बहुतेकांना माहीत असतात : साबणाने हात धुणं, कोपरात खोकणं, पाण्याची बाटली ज्याची त्याने वापरणं. पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात; त्या निदान एका बाजूच्या तरी उघड्या ठेवाव्यात. लस चांगली, पण तिचं संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे ती पुढच्या साथीसाठी. वर्गात आज फिरणारा फ्लू तिच्याने थांबत नाही.

आणखी एक गोष्ट शाळेच्याच हातात आहे. वर्षभर शंभर टक्के हजेरी लावणाऱ्यांना अनेक शाळा बक्षीस देतात. ते हुकू नये म्हणून मुलं ताप लपवतात, पालकही ‘आजचा दिवस काढ’ म्हणतात. साथीच्या काळातली गैरहजेरी या हिशेबातून वगळली आहे, हे वाक्य परिपत्रकात शेवटी नको, अगदी वर, चोवीस तासांच्या नियमाला लागूनच हवं.