दुसऱ्या कॉर्डवरचा शुद्ध नी

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने मामाला फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा सोलो त्याने टॅब पाहून अगदी घोटून बसवला होता. पुढे त्याच कॉर्ड्सवर स्वतःच्या मनाचं, भन्नाट वेगात. मामाची उमेदीची वर्षं मुंबईतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवण्यात गेलेली. त्याचं उत्तर चार पानी पत्रातून आलं. कौतुक दोन ओळींत उरकलं होतं आणि बाकीचा मजकूर बराचसा एकाच स्वराबद्दल होता.

हे गाणं १९७६ सालचं. सोलोखाली आठ कॉर्ड्स फिरत राहतात: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. भाच्याने गाण्याची पट्टी बी मायनर आहे एवढं वाचलं आणि त्या स्केलवर बोटं सोडली. बी हा सा धरला, तर या स्केलमध्ये ग, ध आणि नी कोमल लागतात. म्हणजे आपला आसावरी थाटच. मामाच्या बहिणीच्या घरी पेटी आहे, म्हणून त्याने सरगमच्याच भाषेत लिहिलं.

गोम दुसऱ्या कॉर्डमध्ये आहे. एफ शार्प मेजरचे स्वर प, शुद्ध नी आणि रे. खालून शुद्ध नी वाजत असताना वरून कोमल नीवर थांबलं, की दाताखाली खडा यावा तसं होतं. भाच्याच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक फेरीत हा खडा लागत होता, पण वेगात तो त्याच्या कानाला कळत नव्हता. चौथ्या कॉर्डवर, ई मेजरवर, हीच गत शुद्ध धची. खरं तर दोघांत अंतर एकाच फ्रेटचं आहे: चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला कोमल नी आणि आठव्याला शुद्ध.

पत्रातला सगळ्यात गमतीचा भाग मूळ सोलोच्या शेवटाबद्दलचा आहे. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी जिथे जोडीने उतरतात, ती जागा ऐकताना भलतीच अवघड वाटते. प्रत्यक्षात तिथे त्या-त्या कॉर्डचेच स्वर सुटे करून वाजवलेत आणि दुसरी गिटार त्यातलाच शेजारचा स्वर धरून चालते. बोटांची कसरत आहेच, पण कोणता स्वर कॉर्डमधला आणि कोणता फक्त वाटेवरचा, हे आधी ठाऊक असल्याशिवाय अशी जागा सुचत नाही.

मग पट्टी बदलण्याचा मुद्दा. फेल्डरने या चालीचा पहिला डेमो ई मायनरमध्ये केला होता. डॉन हेन्लीच्या गळ्याला ती पट्टी मानवेना, म्हणून गाणं बी मायनरमध्ये आणलं गेलं. ऑर्केस्ट्रात हा प्रसंग रोजचाच: गायिका ऐनवेळी पट्टी बदलते आणि फ्रेटचे आकडे पाठ करणारा गिटारिस्ट लटकतो. स्वरांची नाती पाठ असणारा फक्त सा हलवतो.

रियाझ मामाने अगदी साधा सांगितला आहे. मेट्रोनोम साठवर. मित्राने प्रत्येक कॉर्ड चार मात्रा वाजवायची आणि भाच्याने त्यावर त्या कॉर्डमधला एकच स्वर धरायचा. तो चुकेनासा झाला, की कॉर्डचे तिन्ही स्वर. स्केल त्यानंतर, तेही एका कॉर्डच्या स्वरावरून पुढच्या कॉर्डच्या स्वरावर पोचण्यापुरतं. सलग तीन फेऱ्या स्वच्छ गेल्याशिवाय मेट्रोनोमला हात लावायचा नाही. मग चार-पाच मात्रांनी वाढवायचा. अंगठा गिटारच्या मानेला करकचून दाबू लागला किंवा खांदा वर चढला, तर वेग झेपत नाही असं समजून खाली यायचं.

स्केल नुसतं खाली-वर दामटलं तर पलट्यांचा तास चालू आहे असं वाटतं, हेही मामा कबूल करतो. वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं. तो चार्ली ख्रिश्चनचे सोलो कानाने उचलत शिकला. भाच्याने हे उदाहरण तोंडावर फेकण्याआधीच मामाने ते लिहून टाकलंय आणि पुढे जोडलंय, 'तो कानाने उचलत होता, तू डोळ्यांनी उचलतोस.'

पत्राच्या शेवटी गृहपाठ होता: हीच फेरी ए मायनरमध्ये, म्हणजे ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई. रविवारी भाच्याचं नवं रेकॉर्डिंग आलं. साठच्या लयीत, एका कॉर्डवर एक स्वर. दुसऱ्या कॉर्डला तो किंचित अडखळला, पण शुद्ध नी सापडला. चौथ्यावर मात्र पुन्हा कोमल धच लागला आणि या वेळी तो स्वतःच थांबला.