‘त्या मुलांना काय शिक्षा केली?’

सहावीतला एक मुलगा, असं धरून चालू. स्कूलबसमध्ये मागच्या सीटवरची दोन मुलं रोज त्याचा डबा हिसकावतात, चष्म्यावरून चिडवतात. आई लेखी तक्रार देते. शाळा चौकशी करते आणि तक्रार खरी निघते. आता आईला उत्तर द्यायचं आहे. तिचा प्रश्न एकच: ‘त्या मुलांना काय शिक्षा केली?’

नेमकं तेच शाळेला लिहिता येत नाही. ती दोघंही अल्पवयीन आहेत आणि पत्र एकदा हातातून सुटलं, की संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतं. मग मुख्याध्यापक सुरक्षित वाक्य शोधतात: ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन योग्य ती कारवाई केली आहे.’ आई ते वाचते आणि प्रकरण दडपलं असं समजते.

कायद्याला लेखी उत्तर नवं नाही. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगबंदी कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, तर तेही तक्रारदाराला लेखी कळवायचं असतं.

मग पत्रात लिहायचं काय? आईच्या स्वतःच्या मुलाबद्दल जे जे आहे, ते सगळं. तक्रार कोणत्या तारखेला मिळाली, किती जणांशी बोलणं झालं, काय आढळलं. उदाहरणार्थ: ‘आपल्या मुलाचा डबा वारंवार काढून घेतला जात होता आणि त्याला चष्म्यावरून चिडवलं जात होतं, हे चौकशीत स्पष्ट झालं. हे घडायला नको होतं.’ पुढे: ‘संबंधित विद्यार्थ्यांबाबत शाळेच्या शिस्त-नियमांनुसार पावलं उचलली आहेत. त्यांचा तपशील आम्ही कोणत्याही पालकांना देत नाही. आपल्या मुलाची माहितीही आम्ही अशीच जपतो.’ नकाराचं कारण असं उघड सांगितलं, की आईला तो टोलवाटोलवी वाटत नाही.

खरा दिलासा त्यानंतरच्या ओळींत असतो. सोमवारपासून मुलगा बसमध्ये ताईंच्या शेजारच्या सीटवर बसेल, मधल्या सुट्टीत अमुक बाईंकडे केव्हाही जाऊ शकेल, दोन आठवड्यांनी वर्गशिक्षिका आईला फोन करतील. शिक्षा गुप्त ठेवावी लागते. ही व्यवस्था मात्र आईला रोज तपासता येते.

फसगत होते ती बारीक जागी. नाव टाळलं, पण ‘नुकताच दुसऱ्या शाळेतून आलेला विद्यार्थी’ असं लिहिलं, तर अख्ख्या वर्गाला तो कळतो. ‘बसमधल्या एका मुलीने सांगितलं’ या वाक्याने साक्ष देणारी मुलगी उघडी पडते. ‘यापुढे असं कधीच घडणार नाही’ ही हमी तर पुढच्याच आठवड्यात खोटी ठरू शकते. त्याऐवजी पुन्हा काही झालं तर कुणाला, कोणत्या नंबरवर कळवायचं, ते शेवटी लिहावं.

पत्र पाठवण्याआधी मुख्याध्यापकांनी ते एकदा त्या दोन मुलांच्या पालकांच्या नजरेने वाचावं. त्यांच्याही हाती ते पडणारच आहे.