वाळूच्या ट्रेमधला भूकंप: आधी अंदाज, मग धक्का

‘भूपट्ट सरकतात, म्हणून भूकंप होतो’ हे वाक्य पाठ झालेलं मूल कधीतरी विचारतंच, ‘पट्ट तर रोज सरकतात, मग आपली जमीन रोज का हलत नाही?’ याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा वाळू आणि दोन-तीन लाकडी ठोकळे घेऊन बसा.

बाजू पारदर्शक असलेला, चपलांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा ट्रे घ्या. वाळू चाळून उन्हात कडक वाळवा. ओलसर वाळू ढेकळासारखी एकत्र सरकते आणि काहीच दिसत नाही. ट्रेच्या एका टोकाला त्याच्या रुंदीत जेमतेम बसेल असा ठोकळा उभा ठेवा. आता बोटभर जाडीचा वाळूचा थर, त्यावर रंगीत रांगोळीची पातळ रेघ, पुन्हा वाळू, असे तीन थर पट्टीने सपाट करून घ्या.

ठोकळ्याला हात लावण्याआधी विचारा: ‘मी हा हळूहळू आत ढकलला तर उंचवटा आधी कुठे येईल? ठोकळ्याजवळ, मधोमध, की पलीकडच्या भिंतीपाशी?’ उत्तर कागदावर लिहायला सांगा, आणि ‘का’ तेही. लिहिलेलं नसेल तर नंतर सगळेच म्हणतात, ‘मला माहीतच होतं!’ उत्तर बरोबर की चूक, हे तुम्ही आधी सांगू नका. ते वाळू सांगेल.

चादर दोन्हीकडून सरकवली की मधे फुगते, म्हणून पुष्कळ जण ‘मधोमध’ म्हणतात. पण उंचवटा येतो ठोकळ्याजवळ. बाजूने पाहिलं तर रांगोळीची रेघ तिरकी तुटलेली दिसेल, आणि तुटलेला भाग पुढच्या वाळूवर चढलेला. हा प्रस्तरभंग. आता दुसरा प्रश्न: ‘आणखी ढकललं तर हाच उंचवटा वाढेल, की नवा येईल?’ आधी तोच थोडा वाढतो, मग त्याच्या पुढे नवी भेग पडते. हिमालयातही असंच घडलं आहे. तिथले उत्तरेकडचे मोठे प्रस्तरभंग जुने आहेत आणि दक्षिणेला, मैदानाच्या कडेचा सर्वांत नवा. फरक वेगाचा आहे. तुमचा हात पाच सेंटिमीटर दहा सेकंदांत सरकतो, भारतीय भूपट्टाला तेवढ्यासाठी साधारण वर्ष लागतं.

पण पहिला प्रश्न अजून बाकीच आहे. त्यासाठी वाळू काढून ट्रेच्या तळाला पॉलिश पेपर चिकटवा, दुसऱ्या ठोकळ्याच्या खालीही चिकटवा. मोकळ्या वाळूवर हा प्रयोग फसतो; ठोकळा वाळू नांगरत सावकाश पुढे जातो. ठोकळ्यावर थोडं वजन ठेवा, पुढे टाचणी-खिळा ठोकून रबरबँड अडकवा आणि शेजारी पट्टी ठेवून रबर अगदी सावकाश, एकाच वेगाने ओढा.

ठोकळा हलत नाही. रबर लांबत जातं, लांबत जातं, आणि एकदम ठोकळा उडी मारतो. हात तर सारख्याच वेगाने चालला होता! पट्टही असेच सरकत राहतात, पण त्यांच्या कडा घर्षणाने अडकलेल्या असतात. खडक रबरासारखा ताणला जातो, आणि अडकलेली जागा सुटली की साठलेला ताण काही सेकंदांत मोकळा होतो. उडी नीट पाहायची असेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा.

दहा वेळा ओढा. दर वेळी आधी विचारा, ‘रबर किती लांबल्यावर सुटेल?’ प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहा. चार-पाच वेळांनंतर मुलं ‘साधारण एवढ्या-एवढ्यात’ असं बरोबर सांगू लागतात. नेमका आकडा मात्र क्वचितच जुळतो, कारण घासलेला पेपर दर वेळी थोडा वेगळा अडकतो. ‘उद्या रात्री मोठा भूकंप’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर येतो तेव्हा हाच कागद दाखवावा. कुठल्या पट्ट्यात ताण साठतोय हे शास्त्रज्ञ सांगू शकतात, तारीख आणि वेळ कोणीही सांगू शकत नाही.

महाराष्ट्रातल्या घरात पुढचा प्रश्न बहुधा किल्लारीचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली. किल्लारी तर पट्टाच्या कडेपासून शेकडो किलोमीटर आत आहे! प्रश्न रास्त आहे, आणि आपला ट्रे इथे तोकडा पडतो. उत्तरेला हिमालयाशी भिडलेल्या पट्टावरचा दाब आतपर्यंत पोचतो, आणि आतल्या खडकात जुन्या, कमकुवत भेगा असतात. त्यातली एखादी क्वचित, फार काळाने सुटते. ठोकळ्याला अशी आतली भेग नाही, आणि पट्टांना ओढणारा कुणाचा हातही नाही; ते काम पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि पट्टांचं स्वतःचं वजन करतं. मुलाने ‘मग ट्रेमध्ये काय-काय खोटं आहे?’ असं विचारलं, तर तीही यादी त्याच कागदाच्या मागे लिहायला लावा.