घडले कधी, कळले कधी

चौरीचौरा आज येणार होता. तो एक आठवडा थांबेल, कारण मागच्या लेखातल्या कालरेषेवर सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने असा प्रश्न पाठवला आहे की तो बाजूला सारून पुढे जाववत नाही. त्यांच्या आठवीच्या वर्गात ‘असहकार चळवळ’ हा पाठ चालू होता. फळ्यावर तारखा होत्या आणि खाली नेहमीचा प्रश्न : जालियनवाला बाग हत्याकांडाचा परिणाम म्हणून असहकार चळवळ सुरू झाली, सकारण स्पष्ट करा. एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, बाग एप्रिल १९१९ ची आणि असहकार ऑगस्ट १९२० चा. एवढा राग आला होता तर गांधीजी सव्वा वर्ष थांबले कशाला?”

बाईंनी मला विचारले आहे की याला काय सांगायचे. माझे म्हणणे, त्याला आधी शाबासकी द्यायची. कालानुक्रमाचा प्रश्न आणि कारणाचा प्रश्न आपण प्रश्नपत्रिकेत वेगवेगळ्या जागी छापतो आणि मुलेही त्यांची वेगवेगळी तयारी करतात. या मुलाने पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याला अडवले.

आधी जवळजवळच्या तारखांचा पुंजका पाहू. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ. १० तारखेला अमृतसरचे पुढारी डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर बोलावून तिथूनच धरमशालेला रवाना केले. त्यांना सोडा म्हणत निघालेल्या जमावावर रेल्वे पुलापाशी गोळीबार झाला, मग शहर बिथरले, बँका जळाल्या, पाच युरोपीय मारले गेले. ११ च्या रात्री जनरल डायर जालंधरहून आला. १३ तारखेला बाग. इथे दोन घटनांमध्ये तासांचे, फार तर एखाददुसऱ्या दिवसाचे अंतर आहे, म्हणून ‘यामुळे ते’ असे म्हणणे सोपे जाते. पण एवढ्या दाटीतही उत्तरपत्रिकांत एक चूक हमखास सापडते. मुले लिहितात, अमृतसरमध्ये लष्करी कायदा पुकारला होता, म्हणून डायरने सभेवर गोळ्या झाडल्या. अमृतसरला लष्करी कायद्याची घोषणा झाली ती १५ एप्रिलला, म्हणजे बागेनंतर दोन दिवसांनी. शहराचा ताबा मुलकी अधिकाऱ्यांनी डायरकडे सोपवला होता आणि सभाबंदीची दवंडीही १३ च्या सकाळी काही भागांत पिटली गेली होती, हे खरे. पण लष्करी कायदा त्या दिवशी नव्हता. क्रम चुकला की नुसता अर्धा गुण जात नाही, डायरला त्याच्याकडे नसलेली कायदेशीर सबब आपण परीक्षेत बहाल करतो.

आता त्या मुलाच्या सव्वा वर्षाकडे वळतो. लांब अंतराच्या कारणाची परीक्षा मी एका गोष्टीने घेतो : मधल्या काळात त्याच माणसाने उलटे काही केले आहे का? गांधीजींनी केले आहे. बागेनंतर पाचच दिवसांनी, १८ एप्रिलला, त्यांनी सत्याग्रह स्थगित केला, कारण पंजाबात आणि गुजरातेत लोकांच्या हातूनही हिंसा झाली होती. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेत त्यांनी सरकारशी असहकाराची कल्पना मांडली, पण ती खिलाफतीसाठी. पंजाबचा प्रश्न त्यात मिसळू नका, असेच तेव्हा त्यांचे सांगणे होते. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसचे अधिवेशन भरले ते खुद्द अमृतसरला. तिथे गांधीजींनी माँटेग्यूच्या सुधारणा राबवून पाहू या, अशी बाजू घेतली. चित्तरंजन दास सुधारणा धुडकावण्याच्या मताचे होते, टिळक ‘प्रतियोगी सहकारिता’ म्हणत होते. सुधारणा अपुऱ्या आहेत असे नोंदवून त्या राबवण्याची तयारी दाखवणारा तडजोडीचा ठराव झाला. ज्याला आपण ‘बाग पाहून असहकारी झालेला नेता’ म्हणून शिकवतो, तो बाग होऊन आठ महिन्यांनी, त्याच गावात, सहकाराच्या बाजूने बोलतो आहे.

हे वर्गात सांगितले की मुले गोंधळतात, आणि तो गोंधळ चांगला असतो. कारण आता बाग आणि असहकार यांच्यामध्ये काय घडले ते शोधावे लागते.

त्यासाठी मी कालरेषेला दोन रकाने पाडायला सांगतो. एकात ‘घडले कधी’, दुसऱ्यात ‘कळले कधी’. बागेचा पहिला रकाना सोपा आहे. दुसरा पसरत जातो. पंजाबातून बातम्या बाहेर पडू नयेत याची सरकारने काळजी घेतली होती, आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांना एप्रिलअखेर हद्दपार करून विलायतेला पाठवले. रवींद्रनाथांनी ‘सर’ ही पदवी सोडणारे पत्र लिहिले ते मेच्या अखेरीस. हंटर समितीची घोषणा ऑक्टोबरात झाली आणि नोव्हेंबरात लाहोरला डायरची साक्ष झाली. समितीवर मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते. चिलखती गाड्या बागेत शिरू शकल्या असत्या तर मशिनगन चालवल्या असत्या का, हे त्यांनी विचारले आणि बहुधा होय, असे उत्तर डायरकडून काढून घेतले. १,६५० फैरी, सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत्यू, जखमींची काहीच व्यवस्था नाही, हे सगळे आता चौकशीत नोंदले गेले. आपल्या मुकुंदराव जयकरांचा समावेश असलेल्या काँग्रेसच्या चौकशी समितीने स्वतंत्र जबान्या घेतल्या आणि मार्च १९२० मध्ये अहवाल दिला. गांधीजी त्या समितीत होते. जबान्या चाळण्याचे काम त्यांनी स्वतः केले होते.

मे १९२० मध्ये दोन कागद एकाच महिन्यात बाहेर आले. एक, तुर्कस्तानवर लादायच्या तहाच्या अटी. दुसरा, हंटर समितीचा अहवाल, ज्यात गोरे सभासद एका बाजूला आणि तिघे हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला अशी फूट पडली. बहुमताने डायरला दोष दिला, पण जपून दिला, आणि पंजाबच्या कारभाराला बरेचसे सांभाळून घेतले. गोळीबार एप्रिल १९१९ चा, पण सरकार न्याय करणार नाही हे गांधीजींना पटले ते इथे. जूनमध्ये खिलाफत समितीने असहकाराचा कार्यक्रम ठरवला, २२ जूनला गांधीजींनी व्हाइसरॉयला तशी सूचना देणारे पत्र लिहिले आणि १ ऑगस्टला आपली पदके परत करून सुरुवात केली. पदके परत करतानाच्या पत्रात आता पंजाब आणि खिलाफत एकत्र होते.

मुलाचे सव्वा वर्ष असे भरते. बाग हे कारण आहेच, पण ते थेट असहकारावर येऊन आदळत नाही. चौकशी होईल, न्याय मिळेल ही अपेक्षा मध्ये उभी होती, आणि ती पडल्यावर वाट मोकळी झाली.

‘कळले’चा रकाना आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. बऱ्याच मार्गदर्शकांत लिहिलेले असते की सेव्हर्सच्या तहामुळे खिलाफतवाले असहकाराकडे वळले. चुणचुणीत मुलगी तारीख काढून दाखवते : तहावर सही १० ऑगस्ट १९२० ला झाली, चळवळ १ ऑगस्टला. परिणाम आधी आणि कारण नऊ दिवसांनी! यात ती चुकलेली नाही आणि मार्गदर्शकही पुरता चुकलेला नाही. कारण तहाची सही नव्हे, मेमध्ये जाहीर झालेल्या अटी आहेत. उत्तरात ‘तहाच्या अटी’ एवढे दोन शब्द आले की क्रम सरळ होतो.

याच्या उलट फसवणूक हाउस ऑफ लॉर्ड्सच्या मतदानात आहे. जुलै १९२० मध्ये लॉर्ड्सनी १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरशी झालेल्या वागणुकीचा निषेध करणारा, म्हणजे डायरच्या बाजूचा ठराव केला. ‘मॉर्निंग पोस्ट’ने त्याच्यासाठी निधीही उभारला. तारखेने हे १ ऑगस्टच्या आधीचे, म्हणून मुले ते चळवळीच्या कारणांत घालतात. पण निर्णय जूनमध्येच झाला होता. लॉर्ड्सच्या ठरावाने नव्याने काही सुरू केले नाही. सप्टेंबरात कोलकात्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकार स्वीकारला, तेव्हा मते वळवायला त्याची मदत झाली, असे म्हणायला मात्र जागा आहे. त्यामुळे चळवळीचा आरंभ म्हणून ऑगस्ट धरला की सप्टेंबर, की नागपूरचे डिसेंबरातले अधिवेशन, यावर कारणांची यादीसुद्धा बदलते. प्रश्न काढणाऱ्याने कोणता आरंभ धरला आहे, ते प्रश्नातच लिहावे.

आणि १ ऑगस्ट म्हटले की टिळक. त्याच तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. ‘टिळकांच्या मृत्यूनंतर असहकार चळवळ सुरू झाली’ हे वाक्य घड्याळाप्रमाणे बरोबर आहे आणि कारण म्हणून निरर्थक. तारीख आधीच ठरली होती. कोलकात्यात टिळक असते तर ठराव तसाच झाला असता का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या आवडीचाही, पण तो मुलांना ‘जोड्या लावा’तून विचारता येत नाही. मी तरी क्रम लावण्याच्या प्रश्नात एकाच दिवसाच्या या दोन घटना कधीच ठेवत नाही. त्यातून फक्त पाठांतर तपासले जाते.

बाईंनी चाचणीसाठी प्रश्नही मागितला आहे. चार घटना द्या : कोलकात्याचे विशेष अधिवेशन, डायरची साक्ष, तुर्कस्तानच्या तहाच्या अटी जाहीर होणे, जालियनवाला बाग. यांचा क्रम तारखा पाठ नसलेल्या मुलालाही विचार करून लागतो : साक्ष घटनेशिवाय होत नाही आणि ठराव अटी कळल्याशिवाय होत नाही. साक्ष आधी की अटी आधी, एवढेच लक्षात ठेवावे लागते. तपासताना पूर्ण क्रम बरोबर किंवा शून्य असे करू नका. चार घटनांच्या सहा जोड्या होतात. ज्याने साक्ष आणि अटी यांचीच अदलाबदल केली त्याच्या पाच जोड्या बरोबर आहेत, ज्याने कोलकात्याला पहिले नेले त्याच्या तीनच. पहिल्याला तारीख आठवली नाही, दुसऱ्याला पाठच समजलेला नाही.

मग खाली लगेच विचारा : यांपैकी कोणती घटना काढून टाकली तर पुढच्या घटनेचे स्पष्टीकरण अडते, आणि का? चार-पाच ओळी पुरेत. साक्ष काढल्याने फारसे अडत नाही असे कोणी लिहिले आणि काँग्रेसच्या समितीचा अहवाल होताच की, असे कारण दिले, तर पूर्ण गुण द्या.

चौरीचौरा पुढच्या आठवड्यात. हेच दोन रकाने तिथे दिवसांत मोजायचे आहेत : जाळपोळ ४ फेब्रुवारी १९२२ ची, बारडोलीचा ठराव १२ चा. गोरखपूर जिल्ह्यातली बातमी मधल्या आठवड्यात गुजरातेत कशी पोहोचली, ते वर्गात आधी मुलांना तर्काने सांगू द्या.