संगणकावरील चित्रकला : लेखांक सातवा
सुटा केस आणि त्यावरील झळाळी

केशसंभाराचे मोठे पुंज रुंद ब्रशने मांडून त्यांतील छायेचे आणि प्रकाशाचे प्रदेश कसे वेगळे करावेत, हे मागील लेखांकात आपण पाहिले. ते काम मनासारखे उतरले असेल तर आजचे काम थोडकेच आहे. आणि ते उतरले नसेल, तर वरून हजार केस ओढले तरी त्या चित्राची सुधारणा व्हावयाची नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

टॅब्लेटच्या जाहिरातींत ८१९२ दाबपातळ्यांचा मोठा गाजावाजा असतो. परंतु केस रेखाटणाऱ्याला त्या संख्येपेक्षा, हाताचा दाब आणि रेषेची जाडी यांचे नाते ठरविणारा जो वक्र असतो, त्याच्याशी अधिक कर्तव्य आहे. क्रिता या विनामूल्य प्रणालीत F5 ही कळ दाबली असता ब्रशविषयीचा सर्व तपशील समोर येतो. त्यातील Size या सदरात Pressure वर खूण करावी आणि Opacity या सदरातील तीच खूण काढून टाकावी. कारण जाडी आणि अपारदर्शकता ही दोन्ही खाती एकाच वेळी दाबाच्या अंमलाखाली दिली, तर रेषा निमुळती होता होताच फिकटही होत जाते आणि केसांच्या जागी धुरकटपणा तेवढा उरतो. शेजारच्या आलेखातील रेषा कर्णाच्या किंचित खाली झुकवावी, म्हणजे हलक्या हाताला बारीक रेषेचा प्रदेश पुष्कळ मिळतो. त्याची पारख सोपी आहे : दाब सावकाश वाढवीत एक लांब रेषा ओढावी, ती निम्म्या वाटेवरच पूर्ण जाड झाली तर वक्र अजून सैल आहे, आणि बोटे अवघडली तरी जाड होत नसेल तर तो फाजील कडक झाला आहे असे समजावे.

आता एक उदाहरण घेऊ. चित्र ३००० पिक्सेल रुंदीचे आहे; खोबरेल तेल लावून मागे विंचरलेले एका स्त्रीचे काळेभोर केस आहेत आणि डावीकडील खिडकीतून निळसर आकाशाचा उजेड येत आहे. येथे बटांसाठी सुमारे ४० पिक्सेलचा ब्रश पुरतो आणि सुट्या केसासाठी कमाल जाडी ४ पिक्सेलांवर ठेवावी. मुळाशी दाब देऊन, टोकाकडे तो क्रमाक्रमाने सोडीत, हात चालू असतानाच पेन पृष्ठापासून उचलावे. हात थांबवून मग पेन उचलले तर टोकाशी गाठ किंवा आकडा उमटतो, आणि ही चूक दुरूनही डोळ्यांत खुपते. मनगट ज्या दिशेला सहज वळते त्या दिशेलाच रेषा यावी, यासाठी 4 आणि 6 या कळांनी चित्र फिरवून घेण्याचा आळस करू नये.

झळाळीची रेषा मात्र वेगळ्या लयीने ओढावयाची असते. तीत दाब आरंभी नाममात्र, मध्यावर भर, आणि शेवटी पुन्हा नाममात्र असा राहिला पाहिजे. म्हणजे दोन्ही टोके अंधारात विरतात. रेषा केसाच्याच दिशेने ओढावयाच्या, परंतु त्यांचा जो पट्टा तयार होतो तो केसांना आडवा जातो, कारण केस ही सूक्ष्म दंडगोलाकार वस्तू असून तिच्यावरचा प्रकाश लांबीच्या ठरावीक भागातच डोळ्यांकडे परततो. स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की या परावर्तनाचे प्रमुख अंश निरनिराळे असतात : एक पृष्ठभागावरून परतणारा, प्रकाशाच्याच रंगाचा, दुसरा केसाच्या आत शिरून परतणारा, आणि म्हणून केसाचा रंग घेऊन येणारा. केसावरील खवले तिरपे असल्यामुळे पहिला किंचित टोकाकडे आणि दुसरा मुळाकडे सरकतो. काळ्या केसांतील रंगद्रव्य आत शिरलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकीत असल्याने, आपल्या उदाहरणात दुसरा पट्टा अंधुक तपकिरी रंगाने मुळाच्या अंगाला नुसता सूचित करावा, आणि त्याच्या खाली निळसर करड्या रंगाचा मुख्य पट्टा द्यावा. तेलामुळे केस एकमेकांना चिकटून राहतात, म्हणून तो अरुंद आणि ठळक असू द्यावा. कोरड्या, विस्कटलेल्या केसांवर तोच रुंद आणि मंद होतो.

शुद्ध पांढरा रंग अगदी थोड्या रेषांसाठी राखून ठेवावा. पट्टा अखंड ओढू नये. प्रत्येक बट जेथे फुगते तेथे तो उजळतो आणि दोन बटांमधील खळगीत तुटतो. हे काम वेगळ्या लेयरवर केले असता नको त्या रेषा खोडणे सोपे जाते, आणि नको असलेल्या रेषा बहुधा निम्म्याहून अधिक निघतात. सर्व केस सारख्या जाडीचे व सारख्या अंतरावर पडले की बटेला तारेची कळा येते. ही चूक जवळून ध्यानात येत नाही, म्हणून चित्र पडद्यावर अंगठ्याएवढे लहान करून पाहावे, आणि M ही कळ दाबून उलट प्रतिबिंबातही तपासावे. कपाळाच्या कडेचे भुरभुरते केस सर्वांत शेवटी घ्यावेत. एका बाजूला चार-पाच पुरेत.

पुढील लेखांकात भुवया व पापण्या यांचा विचार करू. तोवर वाचकांनी एकच बट, एकाच प्रकाशात, तेल लावलेली आणि कोरडी अशी दोन प्रकारे रंगवून ठेवावी.