निळे वर्तुळ पूर्ण, तरीही सव्वातीन तास खुर्चीतच! स्मार्टवॉचचे लक्ष्य ठरवताना काय चुकते?

माझा एक शाळासोबती मंद्रूपमधील एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. सोलापूरहून रोज दुचाकीने ये-जा करतो. रक्तातील साखर काठावर आल्याने ‘सलग बसू नका’ असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा पुण्यातल्या भावाने त्याला आपले जुने ॲपल वॉच दिले. महिनाभरात ते कपाटात गेले. “लाल वर्तुळ कधीच भरत नाही आणि निळे रोज भरते. मग घालून उपयोग काय?” असे त्याचे म्हणणे. आम्ही दोघांनी बसून त्याच्या आकड्यांचा हिशेब मांडला. दोन्ही वर्तुळे त्याची दिशाभूल करत होती, पण उलट्या दिशांनी.

निळे वर्तुळ नेमके काय मोजते?

नाव ‘स्टँड’ असले तरी हे वर्तुळ तुम्ही किती वेळ उभे राहिलात हे मोजत नाही. घड्याळातल्या एका तासात, म्हणजे समजा १० ते ११ या वेळेत, किमान एक मिनिट उठून हालचाल केली की तो तास जमा होतो. असे १२ तास जमले की वर्तुळ पूर्ण. तासाच्या पहिल्या ५० मिनिटांत हालचाल दिसली नाही, तर दहा मिनिटे शिल्लक असताना मनगटावर सूचना येते.

आता मित्राचा दिवस पाहा. तो सहाला उठतो. सकाळी ६, ७ आणि ८ चे तीन तास घरकामात आपोआप जमा होतात. नऊच्या तासात तो कार्यालयात चालत शिरतो, म्हणजे चार. संध्याकाळी सव्वासहाला सुटल्यावर ६ ते १० दरम्यानचे आणखी चार. जेवणाच्या सुट्टीचा एक. टेबलावरचे तास सोडूनच ९ झाले. १२ गाठण्यासाठी उरलेल्या सात तासांपैकी फक्त तीनदा उठले की पुरे.

एका दिवशी तो दुपारी १.३५ ला जेवून बसला. २.५० आणि ३.५० च्या सूचना त्याने झटकून टाकल्या आणि ४.५० च्या सूचनेला उठला. सलग सव्वातीन तास बैठक! तरी त्या दिवशी वर्तुळ भरले, कारण फक्त दोनच तास हुकले होते. एकही तास हुकला नाही तरी फसगत होऊ शकते. १०.०१ ला उठून बसलात आणि पुन्हा ११.५९ ला उठलात, तरी दोन्ही तास जमा होतात. मधली जवळपास दोन तासांची बैठक वर्तुळाला दिसतच नाही.

मग बघायचे काय?

आयफोनवरच्या ‘फिटनेस’ ॲपमध्ये निळ्या वर्तुळाखाली तासागणिक छोट्या उभ्या रेषा दिसतात. १२ चा आकडा बाजूला ठेवा आणि फक्त कार्यालयीन वेळेतल्या रेषा मोजा. मित्राच्या सकाळी १० ते संध्याकाळी ६ या आठ तासांत त्या दिवशी सहा रेषा होत्या. रिकाम्या होत्या त्या २ आणि ३ च्या, नेमक्या जेवणानंतरच्या.

हीच वेळ महत्त्वाची आहे. २०१२ मध्ये ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १९ प्रौढांनी दर २० मिनिटांनी दोन मिनिटे चालून बैठक मोडली, तेव्हा सलग बसण्याच्या तुलनेत त्यांची खाल्ल्यानंतरची साखर कमी राहिली. हळू चालूनही फरक पडला.

घड्याळाची ठरलेली सूचना तासातून एकदाच येते. म्हणून मित्राने फोनमध्ये सोमवार ते शुक्रवार २.१५, २.४५ आणि ३.१५ असे तीन अलार्म लावले, आवाजाविना फक्त कंपनाचे. उठून काय करायचे हेही ठरवले. टेबलावर मोठ्या बाटलीऐवजी पेला ठेवायचा, फाइल शिपायाकडे न देता स्वतः न्यायची, फोन आला की व्हरांड्यात चालत बोलायचे. एप्रिल-मेच्या उन्हात व्हरांड्याऐवजी आतला बोळ.

लाल वर्तुळ का भरत नव्हते?

घड्याळ सुरू करताना उत्साहात त्याने रोज ५०० कॅलरींचे लक्ष्य ठेवले होते. हे वर्तुळ फक्त हालचालीतून खर्च झालेल्या कॅलरी मोजते. शरीर नुसते जिवंत राहण्यासाठी जी ऊर्जा वापरते, ती यात धरत नाही. आम्ही आठवडाभर काहीही न बदलता नोंद घेतली. कामाच्या पाच दिवसांचे आकडे आले १९०, २१०, २२५, २४५ आणि २६०. मधला आकडा २२५. त्यात साधारण दहा टक्के मिळवून लक्ष्य ठरवले २५०.

पुढचा नियमही सोपा ठेवला. सलग दोन आठवडे पाचपैकी चार दिवस वर्तुळ भरले, तर २० ने वाढवायचे. तीन दिवस हुकले तर २० ने कमी करायचे. सोमवारी घड्याळ स्वतःहून नवे लक्ष्य सुचवते, पण तो सल्ला मागच्या आठवड्यावरून असतो. गड्ड्याच्या यात्रेत दोन दिवस पायपीट केली असेल, तर सुचवलेला आकडा कामाच्या दिवसांना झेपणार नाही.

लक्ष्य बदलण्यासाठी घड्याळातल्या `Activity` ॲपमध्ये `Change Goals` हा पर्याय आहे. वॉचओएस ११ पासून प्रत्येक वाराला वेगळे लक्ष्य ठेवता येते, शिवाय आजारपणात वर्तुळे थांबवताही येतात. मात्र त्यासाठी घड्याळ सिरीज ६ किंवा त्यानंतरचे हवे.

हिरव्याचे काय?

हिरवे वर्तुळ जोरकस चालण्याची मिनिटे मोजते. ठरलेले लक्ष्य ३० मिनिटांचे असते. पाच दिवस ते पाळले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे होतात. लक्ष्य १० मिनिटांपर्यंत खाली आणता येते. मित्राने १५ पासून सुरुवात केली. वीस मिनिटे झपझप चालूनही चार-पाचच मिनिटे जमा झाली, तर हात खिशात किंवा पिशवीत अडकला होता का ते पाहा. ॲपमध्ये वजन आणि उंची बरोबर भरली आहे का, हेही तपासा.

साधा फिटनेस बँड असेल तर?

बहुतेक बँडमध्ये बैठकीची सूचना सुरू करून तिची वेळ ठरवता येते. ती दिवसभर न ठेवता कार्यालयीन वेळेपुरतीच ठेवा. सतत थरथरणाऱ्या मनगटाकडे आपण लवकरच दुर्लक्ष करू लागतो. दुचाकीस्वारांनी आणखी एक चाचणी करावी. गाडी सुरू करण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर पावलांचा आकडा लिहून ठेवा. खराब रस्त्यावरचे हादरे काही बँड पावले म्हणून मोजतात. फरक मोठा असेल, तर तेवढी पावले रोजच्या बेरजेतून वजा करूनच लक्ष्य ठरवा.

कॅलरींचा आकडा हा कोणत्याही घड्याळात अंदाजच असतो. दुसऱ्याच्या आकड्याशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही, स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करावी. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

मित्राचे घड्याळ पुन्हा मनगटावर आले आहे. लाल वर्तुळ आता आठवड्यात चार दिवस भरते. पण संध्याकाळी तो आधी पाहतो त्या २ आणि ३ च्या दोन निळ्या रेषा.